मदत हवी आहे: वर्गाच्या पालक ग्रुपवर दिवाळीचा मेसेज, पण भेटींची चढाओढ नको

मालवणची_आई
मुलगी दुसरीत. यंदा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या गळ्यात पडलाय. गेल्या वर्षी शुभेच्छांच्या मेसेजखालीच एकीने बाईंना दिलेल्या सुक्या मेव्याच्या डब्याचा फोटो टाकला, 'आमच्याकडून छोटीशी भेट'. संध्याकाळपर्यंत तसले पाच फोटो. दुसऱ्या दिवशी रापणीवर जाणाऱ्याची बायको मला बाजारात गाठून म्हणते, "आमका पण कायतरी देवचा लागतला काय गो?"
यंदाचा मसुदा:
'सर्व पालकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. कृपया कोणीही भेटवस्तूंचे फोटो टाकू नयेत, गरिबांचा विचार करावा. मुलांच्या फराळाचे, किल्ल्याचे फोटो जरूर पाठवा.'
कसा वाटतो?

देवगडकर
सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनने पाठवायचे असं करा. विषय संपला.

निवृत्त_बाई
ग्रुप बंद केला तर शाळा कधी उघडणार हे विचारायला सगळे हिलाच फोन करतील. आणि फोटो काय, वेगळा ग्रुप काढून फिरतील.
मसुद्यातलं दुसरं वाक्य आधी काढ. 'गरिबांचा' वाचून त्या बाईने कुठे बघायचं? तिसरंही काढ, किल्ल्याच्या फोटोंवरून नवी स्पर्धा लागते. भेटीचं बोलणं शुभेच्छांत आणूच नकोस. ते आठवडाभर आधी, आणि बाईंच्याच तोंडून यायला हवं: 'मला काही आणू नका.' तू म्हणालीस तर 'ही कोण सांगणार?' हे ठरलेलं. मी नोकरीत असताना पालकसभेत स्वतःच सांगून टाकायचे.
शुभेच्छा एवढ्याच: 'दुसरीच्या सगळ्या मुलांना आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. पहाटे कारीट फोडा, पोहे खा, सुट्टीत भरपूर खेळा.'

काजूवाली
बाईंना द्यायला कोकम आगळ बरं पडतं हं, स्वस्तात होतं. माझ्याकडे बाटल्या आहेत.

मालवणची_आई
ताई, भेट द्यायचीच नाहीये!

वेंगुर्ल्याचा_बाबा
आमच्या घरी नाताळ. कारीट आम्ही फोडत नाही, पोहे मात्र शेजारून पाच तऱ्हेचे येतात आणि सगळे संपतात. कारीट काढलंत तर मेसेज आम्हालाही लागू होईल.

निवृत्त_बाई
हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काढ ते. पोहे राहू देत.

मालवणची_आई
मग हे:
'दुसरीच्या सगळ्या मुलांना आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. गोडाचे पोहे खा, सुट्टीत भरपूर खेळा.'
बाईंशी बोलले, त्या सोमवारी स्वतः सांगणार आहेत. पण दोघींनी प्रत्येकी शंभर रुपये जमवायला आधीच सुरुवात केलीय, अकरा जणांनी दिलेतही. ते परत कसे करायला लावू?

देवगडकर
म्हणून म्हटलं, ग्रुप बंद करा.

निवृत्त_बाई
ग्रुपवर नको, त्या दोघींना घरी जाऊन भेट. सोमवारच्या आत.