बोअरचं पाणी उपसताना नितळ, टाकीत केशरी : फिल्टर बसवूनही लोह जात नाही, मदत हवी आहे

निशिगंधा

नमस्कार मंडळी. आमच्या बोअरचं पाणी पंपातून येतं तेव्हा अगदी नितळ असतं. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलं की सकाळी केशरी झालेलं असतं आणि टाकीच्या तळाशी बोटाला चिकटेल असा मऊ गाळ बसतो. बेसिनमध्ये नळाखाली तपकिरी ओघळ पडलेत आणि पांढरे कपडे पिवळट होतायत.

पाणी तपासून घेतलं. लोह लिटरला ४ मिलिग्रॅम, पीएच ६.६, मँगनीज नगण्य. त्यानंतर वाळूचा प्रेशर फिल्टर बसवला. बोअरची लाइन आधी फिल्टरमध्ये जाते, मग टाकीत. फिल्टरमधून पाणी स्वच्छ येतं, पण टाकीत पुन्हा तोच रंग. ज्यांनी फिल्टर बसवला ते म्हणतात आतली वाळू बदलून दुसरं माध्यम भरा. खर्च करण्याआधी विचारते, खरंच वाळूचा दोष आहे का?

रमाकांत_जी

तुमच्या लाइनचा लोखंडी पाइप आतून गंजला असेल. प्लॅस्टिकचा टाका, प्रश्न मिटेल. आमच्याकडे सकाळी पहिलं पाणी लाल यायचं, पाइप बदलल्यावर थांबलं.

निशिगंधा

रमाकांतजी, केसिंगपासून टाकीपर्यंत सगळं पीव्हीसीच आहे. आणि पहिलंच पाणी लाल असं होत नाही, सगळंच पाणी नंतर रंग धरतं.

उपसा

पाइप गंजलेला असला तर पाणी नळातून येतानाच रंगीत असतं. इथे ते नितळ येऊन नंतर रंगतंय, म्हणजे लोह जमिनीतूनच विरघळलेलं येतंय. मी पाणी शुद्धीकरणाच्या कामात बरीच वर्षं आहे, फिल्टरची जागा चुकलेली मी वारंवार पाहिली आहे.

तुमच्या वाळूचा काही दोष नाही. वाळू फक्त कण अडवते. फिल्टरमधून जाताना लोह मिठासारखं विरघळलेलं असतं, त्यामुळे ते सरळ पार होतं. टाकीत हवा लागली की त्याचे कण होतात, पण तोवर फिल्टर मागे राहिलेला असतो. क्रम असा हवा : आधी हवा, मग वेळ, मग फिल्टर.

त्याआधी एक साधी तपासणी करा. पारदर्शक बाटली पंपाच्या तोंडाशी काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता घट्ट बंद करा. दुसरी अर्धीच भरून जोरात हलवा आणि झाकण उघडं ठेवा. कुठली कधी रंगते आणि गाळ बसायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा.

किशोर_भाऊ

एवढं कशाला? टाकीत तुरटी फिरवा आणि थोडी ब्लीचिंग पावडर टाका. आम्ही तेच करतो, गाळ खाली बसतो.

उपसा

किशोरभाऊ, ब्लीचिंगचं तुमचं बरोबर आहे. कमी पीएचला हवेपेक्षा क्लोरीन लोहाचे कण फार लवकर करतं. तुरटीबाबत मात्र जपून. कण झालेले असतील तर ती त्यांना एकत्र आणते, पण ती पाण्याचा पीएच आणखी खाली नेते आणि ६.६ वर आधीच ही क्रिया मंद आहे. आणि पिवळे डाग पडलेल्या कपड्यांवर ब्लीच कधीच नको, डाग पक्के होतात. त्यांना सायट्रिक ॲसिड किंवा लिंबाचा रस लावा, आधी कोपऱ्यावर रंग जातो का बघा.

वैदेही_म

आमच्या फ्लशच्या टाकीत लालसर, बुळबुळीत जेलीसारखा थर येतो आणि पाण्यावर तेलकट तवंग दिसतो. हेही लोहच का? हवा दिली तर जाईल?

उपसा

वैदेहीताई, तवंगाला काडी लावून बघा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोह-जीवाणू. तुकडे न होता तवंग परत जुळला तर खरंच तेल असू शकतं. जीवाणू असतील तर नुसती हवा देऊन भागत नाही. बोअरमध्ये जास्त मात्रेत क्लोरीन सोडून काही तास ठेवावं लागतं, मग भरपूर उपसा करून ते काढावं लागतं.

किशोर_भाऊ

आमच्या शेजाऱ्यांनी ते केलं होतं, काही महिन्यांनी थर परत आला.

उपसा

येतो, हे खरं आहे. काही बोअरमध्ये दर वर्षी करावं लागतं, काहींमध्ये एकदाच पुरतं. आधी सांगता येत नाही.

निशिगंधा

बाटल्यांचं बघितलं. बंद बाटली संध्याकाळपर्यंत नितळ राहिली. हलवलेली हळूहळू पिवळी झाली, दुसऱ्या दिवशी गाळ बसला तरी वर पिवळट झाक होती. मग एका बादलीतून दुसरीत उंचावरून बरेचदा ओतून पाहिलं. त्यात रंग खूप लवकर आला. मीटरवर पीएच ७.२ दिसला. ओतल्याने पीएच कसा वाढला?

उपसा

हाच सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. तुमच्या ४ मिलिग्रॅम लोहाला ऑक्सिजन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडाच जास्त लागतो आणि हवा लागलेल्या पाण्यात तो ७-८ मिलिग्रॅम सहज असतो. म्हणजे ऑक्सिजनची अडचण नाही. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, त्याने पीएच खाली राहतो. उंचावरून बारीक धारांत ओतलं की तो निघून जातो आणि पीएच वर चढतो. पीएच एका अंकाने वाढला की लोहाचे कण होण्याचा वेग साधारण शंभरपट होतो. म्हणून हलवलेल्या बाटलीपेक्षा ओतलेल्या बादलीत काम लवकर झालं.

तर टाकीच्या तोंडावर बारीक भोकांचा आडवा पाइप लावा, धारा निदान दोन-तीन फूट खाली पडू द्या. झाकणाला हवा खेळायला जाळीची वाट ठेवा. मग फिल्टर तिथून काढून टाकीच्या पुढे, घरात जाणाऱ्या लाइनवर न्या. टाकीचं बाहेर जाणारं तोंड तळापासून थोडं वर असू द्या आणि तळाला गाळ सोडायचा वॉल्व हवा. १००० लिटरमागे सुकलेला गाळ आठेक ग्रॅम भरेल, पण ओला फुगून बराच दिसतो.

निशिगंधा

टाकीऐवजी फिल्टरच्या आधी ५०० लिटरचा ड्रम ठेवला तर? पंप तासाला २००० लिटर देतो.

उपसा

मग पाणी ड्रममध्ये पंधरा मिनिटंच थांबेल. पीएच ७.२ नक्की मिळत असेल तर काम निघू शकतं, पण त्याहून खाली राहिला तर पुरणार नाही. मोठी टाकी रात्री भरून सकाळी वापरणं जास्त खात्रीचं.

एक गोष्ट मात्र तपासा. फिल्टर पुढे नेला की त्याचं बॅकवॉश घरच्या पंपाला करावं लागेल. १३ इंच व्यासाच्या फिल्टरमधून तासाला आठशे लिटर गाळता येतं, पण वाळू उचलून धुवायला अडीच हजारांच्या आसपास लागतात. पंप कमी पडला तर वाळूत गाळाचे गोळे होतात, पाण्याचा दाब कमी होतो आणि काही दिवसांनी नळाला पुन्हा केशरी झाक दिसते. तुमच्या फिल्टरचा व्यास आणि घरच्या पंपाची क्षमता किती?

निशिगंधा

व्यास १३ इंचच आहे. पंपावरची पाटी पुसली गेली आहे, उद्या बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजून कळवते.