जन्मदाखला पाच महिने अडला, तक्रार कक्षाकडे अर्ज कसा लिहिला? (अनुभव धागा)

मानेवाड्याची आई

माझी मुलगी ९ जानेवारी २०२५ ला नागपुरातल्याच एका खासगी दवाखान्यात जन्मली. दाखला हातात पडला जून संपता संपता. मधले पाच महिने मला कोणी नाही म्हटलं नाही आणि कारणही सांगितलं नाही. ज्यांनी तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज केला असेल, त्यांनी आपला अर्ज कसा होता, त्याचं काय झालं, ते इथे लिहावं म्हणून हा धागा काढते आहे. सुरुवात माझ्यापासून.

डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आम्ही ऑनलाइन पाठवतो, महिनाभरानं महापालिकेच्या झोन ऑफिसातून घेऊन जा." फेब्रुवारीच्या शेवटी गेले तर सर्व्हर बंद. मार्चमध्ये "साहेबांची सही व्हायची आहे." एप्रिलमध्ये दोनदा गेले, दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात या." ४३-४४ डिग्रीच्या उन्हात तीन महिन्यांचं बाळ घेऊन रांगेत उभी होते. तो राग अजून गेलेला नाही.

मे महिन्यात तक्रार कक्षाला अर्ज दिला. तीन पानी. त्यात ऊन होतं, बाळ होतं, काउंटरवरचं उद्धट बोलणं होतं, सगळं खरं होतं. एकोणीस दिवसांनी मोबाइलवर संदेश आला: तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली असून निकाली काढण्यात येत आहे. त्या रात्री मी रडले.

शेजारच्या काकांनी तो अर्ज वाचला आणि एकच विचारलं, "बेटा, नोंद झाली अन् दाखला निघाला नाही, की नोंदच झाली नाही?" मला माहीत नव्हतं. तीन पानांत मी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

जुना लिपिक

ताई, तुमच्या शेजाऱ्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली (नागपुरात नाही, शेजारच्या जिल्ह्यात). काउंटरवर "दाखला झाला नाही" एवढंच ऐकू येतं, पण त्याच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, दवाखान्यानं जन्माची माहिती पाठवलीच नाही. दवाखान्यात जन्म झाला की कळवायची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची असते, आईबापाची नाही, आणि मुदत २१ दिवसांची. दोन, माहिती पोचली पण निबंधकानं त्रुटी काढून परत पाठवली. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, कायमचा पत्ता कोरा, असलं काही. ती परत पाठवलेली नोंद दवाखान्याच्या लॉगिनमध्ये पडून राहते, तुम्हाला कोणी कळवत नाही. तीन, नोंद झाली, क्रमांक पडला, फक्त दाखला निघायचा आहे. यात मात्र कार्यालयाकडे सबब नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. नोंद पूर्ण झाल्यावर माहिती देणाऱ्याला सात दिवसांच्या आत दाखला विनामूल्य द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे.

तक्रार कक्षातल्या माणसाला तुमचं प्रकरण यांपैकी कोणतं ते कळलं नाही, तर तो खाली वर्ग करतो आणि मोकळा होतो. त्याच्याकडे दुसरं करण्यासारखं काही नसतं.

प्रशांत हिंगणा

हे सगळं बरोबर असेल दादा, पण २१ दिवस उलटले की कोर्टातच जावं लागते. माझ्या साळ्याचं तसंच झालं होतं. वकिलाले पैसे देले, मॅजिस्ट्रेटचा आदेश आणला तेव्हा कुठं नोंद झाली. तक्रार करून काही होत नाही, वेळ घालवू नका.

जुना लिपिक

प्रशांतभाऊ, साळ्याची नोंद जन्मानंतर वर्ष उलटल्यावर केली असेल. मॅजिस्ट्रेटचा आदेश तिथे लागायचा. २१ ते ३० दिवसांत नोंद केली तर नुसतं विलंब शुल्क लागतं. ३० दिवसांपासून एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते, आणि पूर्वी नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागायचं तिथे आता स्वसाक्षांकित कागद चालतो. वर्षानंतरचं कामही आता न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडे दिलं आहे. पण त्याआधी बघायचं ते हे, की माहिती मुदतीत गेली होती का. गेली असेल तर उशीर आईबापाचा नाही.

मानेवाड्याची आई

माझ्या बाबतीत सगळं याच एका तारखेवर फिरलं. काकांनी मला आधी दवाखान्यात पाठवलं. "दाखला कधी मिळेल" हे विचारायचंच नाही, तुम्ही माहिती कोणत्या तारखेला पाठवली आणि तिचा अर्ज क्रमांक काय, एवढंच मागायचं, असं बजावलं. दोन दिवस टाळाटाळ झाली, पण शेवटी छापील प्रत मिळाली. त्यावर तारीख होती २७ जानेवारी. म्हणजे अठराव्या दिवशी, मुदतीत.

मग २ जूनला दुसरा अर्ज लिहिला. एकच पान. मजकूर जवळजवळ असा होता:

"विषय: दि. ९ जानेवारी २०२५ च्या जन्माच्या नोंदीची स्थिती लेखी कळविणेबाबत.

महोदय, सदर जन्माची माहिती दवाखान्याने दि. २७ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे २१ दिवसांच्या मुदतीत, ऑनलाइन सादर केली आहे. अर्ज क्रमांकासह प्रत सोबत जोडली आहे. मी कार्यालयात चार वेळा येऊन गेले. त्या तारखा मागील बाजूस लिहिल्या आहेत. माझ्या दि. १२ मे च्या तक्रारीवर 'वर्ग करण्यात आली' असे उत्तर आले, त्यात कारण नमूद नाही. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. नोंद झाली आहे काय? झाली असल्यास नोंदणी क्रमांक व दिनांक. झाली नसल्यास माहिती कोणत्या कारणास्तव, कोणत्या दिनांकास व कोणाकडे परत पाठविली? माझ्याकडून काही कागद अपेक्षित असल्यास तेही कळवावे."

ऊन नाही, बाळ नाही. लिहिताना वाईट वाटत होतं, जणू माझं सोसणं मीच खोडून टाकते आहे. आवक शिक्का मारून दुसरी प्रत परत घेतली.

१३ जूनला झोनमधून फोन आला. माहिती ६ फेब्रुवारीलाच दवाखान्याकडे परत गेली होती. आधारवर माझं नाव माहेरचं आणि दवाखान्याच्या कागदावर सासरचं. दवाखान्यातल्या ज्या मुलाकडे ते लॉगिन होतं, तो नोकरी सोडून गेला होता. कोणी उघडून पाहिलंच नव्हतं. सही, सर्व्हर, पुढचा आठवडा, हे सगळं मला पडद्यावर न बघता सांगितलं गेलं होतं.

वैदर्भी माय

सगळ्यांना नमस्कार. माझ्या सासूबाईंचा जन्म १९५२ चा, खेड्यातला, घरी झालेला. नोंदच नाही. आता पेन्शनच्या कामाला दाखला मागून राहिले. त्याच्यासाठी तक्रार कक्षात हाच अर्ज चालेल का? शाळेचा दाखला आहे चौथीचा.

जुना लिपिक

नाही ताई, तुमचं वेगळं. तिथे कोणी काही अडवून ठेवलेलं नाही, नोंदच नाही. आधी गावच्या ग्रामपंचायतीत आणि तहसीलच्या जुन्या रजिस्टरांत शोध घ्या, नसल्यास "अनुपलब्धता" लेखी घ्या. पुढचा मार्ग वर्षानंतरच्या नोंदणीचा, आणि त्याची छाननी हल्ली बरीच कडक आहे. पण पेन्शनवाल्यांना वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला चालतो का, ते आधी विचारा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी जन्मदाखला लागतो. सासूबाईंना ती अट नाही.

भंडाऱ्याचा बाप

आमची चूक मी सांगतो, कारण ती पुष्कळांची होत असेल. बायको बाळंतपणाला माहेरी, नागपूरले आली होती. पोरगा तिथं झाला. मी चार महिने भंडाऱ्याच्या ऑफिसात चकरा मारून राहिलो होतो, कारण राहतो तिथं. तिथल्या बाबूनं पाहून "नाही आली" एवढंच सांगितलं. मीही तिथंच तक्रार टाकली. नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, हे कोणी सांगितलं नाही. नागपूरच्या झोनमध्ये गेलो तर नोंद कधीची झालेली. नावाचा रकाना मात्र कोरा होता, बारसं व्हायच्या आधीच माहिती गेली होती ना.

मानेवाड्याची आई

आमच्याही बाळाचं नाव त्यात नव्हतं, बारसं नंतर झालं. पण नावाशिवाय नोंद होते, त्यासाठी अडवता येत नाही. नाव नोंदीच्या तारखेपासून वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

सुनील नंदनवन

मी सरळ लोकसेवा हक्काचं अपील केलं. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यानं फेटाळलं. म्हणे तुमचा सेवेसाठीचा अर्जच नाही. दोनदा तक्रार केली होती मी, ती काय हवेत गेली?

जुना लिपिक

सुनीलराव, तिथे ते बरोबर होते. २०१५ च्या त्या कायद्यात मुदत सुरू होते ती सेवेच्या अर्जाच्या तारखेपासून. तक्रार म्हणजे अर्ज नाही. आधी दाखल्यासाठी रीतसर अर्ज करा, पोच घ्या, मुदत संपू द्या, मग तीस दिवसांत अपील. दुसरा रस्ताही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच आता निबंधकाच्या कृतीविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. पण त्यालाही "कृती" दाखवावी लागते. "माहिती अमुक तारखेला परत पाठवली" असं लेखी हातात असेल तर तिथे उभं राहता येतं. ताईंच्या दुसऱ्या अर्जात नेमकं तेच मागितलं होतं.

मानेवाड्याची आई

पण तिथेही एक राहिलंच. नाव दुरुस्त करून दवाखान्यानं परत पाठवल्यावर झोनमध्ये म्हणाले, आता पाच महिने झाले, विलंबाची परवानगी आणा. मी २७ जानेवारीची प्रत पुढे केली. दोन तास बसले. शेवटी मूळ तारीख धरली. ती नियमानं धरली की माझ्याकडे बघून, ते मला अजून कळलेलं नाही.

जुना लिपिक

माझ्या मते मूळ तारीखच धरायला हवी, कारण कळवण्याचं काम मुदतीत झालं होतं. पण कार्यालयागणिक वेगळं वागताना मी पाहिलं आहे. लेखी आदेश दाखवू शकत नाही, म्हणून ठामपणे बोलत नाही.

इतवारीचा काका

माझ्या नातवाचं घोडं इथंच अडलं आहे. दवाखाना बंद पडला, डॉक्टर नागपूर सोडून गेले. माहिती कधी पाठवली, पाठवली का, विचारू कोणाला? माझ्याजवळ फक्त डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचं पुस्तक आहे. पोरगं आठ महिन्यांचं झालं.

मानेवाड्याची आई

काका, वर्ष पूर्ण व्हायला चार महिने आहेत, तेवढ्यात हललं पाहिजे. दोन्ही कागदांच्या प्रती जोडून झोनला लेखी विचारा, या दवाखान्याकडून या तारखेच्या जन्माची माहिती आली होती का. नाही म्हटलं तर तेही लेखी घ्या. दहा रुपयांत माहितीच्या अधिकारातही हेच विचारता येईल, पण त्याला तीस दिवस जातील, म्हणून दोन्ही एकाच दिवशी द्या.

इतवारीचा काका

सोमवारी जातो. शिक्क्याची प्रत घेतली की इथं लिहितो.