अनुभव धागा : मुखपृष्ठावर लेखकाचे नाव चुकले तेव्हा तुम्ही प्रकाशकाला काय लिहिले?

शाहूपुरी_लेक

गेल्या आठवड्यात महाद्वार रोडवरच्या एका दुकानात ओळखीच्या गृहस्थांचे नवे पुस्तक हाती आले आणि मुखपृष्ठावर त्यांच्या वडिलांच्या नावाचे आद्याक्षर चुकलेले दिसले. त्यावरून आमच्या घरचे जुने प्रकरण आठवले, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या वडिलांचे नाव शंकर दत्तात्रय. आडनाव इथे देत नाही. करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांवर त्यांनी पुस्तक लिहिले, ते बाहेरगावच्या एका प्रकाशनाने काढले. पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठावर ‘स. द.’ होते, कण्यावर ‘श. द.’ होते आणि आत शीर्षकपानावर मात्र ‘शं. द.’ असे बरोबर होते. एकाच पुस्तकावर एकाच माणसाची तीन रूपे! करारनामा इंग्रजीत होता, त्यात ‘एस. डी.’ अशी सही होती आणि मुखपृष्ठ करणाऱ्याने ‘एस’चा ‘स’ केला, हे नंतर कळले. अडचण अशी की ‘स. द.’ आणि आमचेच आडनाव असलेले दुसरे एक कथालेखक याच जिल्ह्यात आहेत, आणि लोक बाबांना ‘तुम्ही कथाही लिहिता का?’ असे विचारू लागले.

बाबा म्हणाले, ‘छापून झाले, आता कशाला वाईटपणा घ्यायचा?’ शेवटी पत्राचा मसुदा मी केला आणि सही त्यांनी केली, कारण करार त्यांच्याशी होता आणि मुलीच्या पत्राला उत्तर देण्याचे बंधन प्रकाशकावर नव्हते. पत्राचा मुख्य भाग असा होता :

‘आपण प्रकाशित केलेल्या माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझ्या नावाची आद्याक्षरे “स. द.” अशी व कण्यावर “श. द.” अशी छापली गेली आहेत. माझे नाव शंकर दत्तात्रय असून ते “शं. द.” असे लिहिले जाते, व आपणच छापलेल्या शीर्षकपानावर ते तसेच आहे. हस्तलिखिताच्या पहिल्या पानाची व शीर्षकपानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. मुखपृष्ठाची अंतिम प्रत मंजुरीसाठी माझ्याकडे आली नव्हती, हेही नम्रपणे नमूद करतो. तरी, (१) विक्रीसाठी न गेलेल्या प्रतींवर दुरुस्ती कोणत्या प्रकारे करणार ते कळवावे. (२) पुढील छपाईपूर्वी मुखपृष्ठ, कणा व मलपृष्ठ यांची प्रत माझ्या लेखी मंजुरीसाठी पाठवावी. (३) आपल्या सूचिपत्रात व विक्रेत्यांना दिलेल्या यादीत नाव दुरुस्त करावे. कृपया पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.’

भरपाईचा शब्द आम्ही मुद्दामच टाकला नाही. तुमचे अनुभव लिहा.

रंकाळ्यावरचा_वाचक

ताई, पत्र उत्तम आहे. पण मला वाटते की नाव बदलले म्हणजे आयएसबीएन क्रमांकही नवा घ्यावा लागतो, आणि त्याआधी नोटरीचे प्रतिज्ञापत्र लागते. माझ्या मित्राला त्याच्या प्रकाशकाने असेच सांगितले होते आणि त्यामुळे त्याने नाद सोडला.

उद्यमनगर_प्रेस

क्रमांकाचे जाणकार सांगतील, मी छपाईचे सांगतो, कारण दुरुस्ती ‘होते’ की ‘होत नाही’ हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

प्रकाशक पहिल्यांदा चिकटपट्टी लावू म्हणतो. मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन असेल तर चिकटपट्टीचे कोपरे काही दिवसांत उचलतात, आणि कण्यावर तर जागाच नसते. जुने मुखपृष्ठ काढून नवे चढवायचे म्हटले, तर पुस्तक गोंदबांधणीचे असल्यामुळे मुखपृष्ठ ओढताना कण्यावरची पाने सुटतात. ती पुन्हा बांधून तीन बाजूंनी कापावी लागतात, पुस्तक काही मिलिमीटरने लहान होते आणि समास आधीच तोकडा असेल तर मजकूर कडेला येतो. म्हणून शिल्लक प्रती थोड्या असतील तर वरून कागदी जॅकेट घालणे हा मला सगळ्यांत सभ्य मार्ग वाटतो. कणाही त्यात झाकला जातो.

पुढच्या छपाईचे गणित वेगळे आहे. नाव सपाट, फिकट पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत असेल, तर चारपैकी एकच, काळ्या रंगाची प्लेट नवी करावी लागते. चित्रातून पांढरी अक्षरे सोडलेली असतील तर चारही प्लेटा बदलतात. प्रकाशकाने ‘खर्च फार येतो’ असे सांगितले की मुखपृष्ठ हातात घ्या आणि नाव कोणत्या रंगात आहे ते पाहा, म्हणजे किती खर्च ते निम्मे तिथेच कळते.

शाहूपुरी_लेक

दादा, आमचे नाव पांढऱ्या अक्षरांतच होते, उसाच्या फडाच्या छायाचित्रावर.

उद्यमनगर_प्रेस

मग चारही. पण पुनर्मुद्रणात त्यांना प्लेटा तशाही नव्याच कराव्या लागल्या असत्या, कारण जुन्या प्लेटा सहसा कोणी जपून ठेवत नाही. तेव्हा ते कारण चालत नाही.

निवृत्त_ग्रंथपाल

रंकाळ्यावरच्या मित्रांचे म्हणणे अर्धे दुरुस्त करतो. आयएसबीएन हा त्या आवृत्तीचा आणि त्या स्वरूपाचा क्रमांक असतो. मजकूर तोच ठेवून केवळ मुखपृष्ठावरील आद्याक्षर सुधारले, तर नवा क्रमांक लागत नाही. प्रकाशकाने क्रमांक घेताना लेखकाचे नाव चुकीचे भरले असेल, तर ती नोंद मात्र त्यानेच सुधारून घ्यायची असते, म्हणून पत्रात तेही मागावे.

प्रतिज्ञापत्राची तर गरजच नाही. पुस्तकावर लेखकाला हवे ते नाव येते, दाखल्यावरचे नव्हे. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम होते, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले, आणि आपल्या कोल्हापुरात उत्तरायुष्य घालवलेला हा लेखक त्याच आद्याक्षरांनी ओळखला जातो. टोपणनावाने लिहिणाऱ्यांकडे तरी कोणता दाखला मागणार?

आता ग्रंथालयाची बाजू. तालिकाकार नाव शीर्षकपानावरून घेतो, मुखपृष्ठावरून घेत नाही, त्यामुळे ताईंचे पुस्तक मोठ्या ग्रंथालयात बरोबर नोंदले गेले असेल. लहान वाचनालयात मात्र दाखल नोंदवही विक्रेत्याच्या बिलावरून भरली जाते, आणि बिल मुखपृष्ठ पाहून टंकलेले असते. तिथे ‘स. द.’ पडले की पुस्तक त्या कथालेखकाच्या कार्डाखाली जाते आणि तिथून ते कोणी काढत नाही. त्यामुळे प्रकाशकाला लिहिण्याबरोबरच जवळच्या वाचनालयांना शीर्षकपानाच्या छायाप्रतीसह एक साधे पत्र द्यावे. आम्हाला असे पत्र आले की नोंद दुरुस्त करण्याचे काम पाच मिनिटांचे असते.

कसबा_बावडा_१

नमस्कार. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव चुकले आहे. प्रकाशकाला अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, ते कृपया सांगावे.

निवृत्त_ग्रंथपाल

बाळ, इथे पुस्तकाच्या प्रकाशकाविषयी चालले आहे. गुणपत्रिकेसाठी आधी तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, अर्ज त्यांच्यामार्फत मंडळाकडे जातो.

ओवीबद्ध

माझी गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितावर मी फक्त नाव आणि माहेरचे आडनाव लिहिले होते. पुस्तक आले ते ‘सौ.’ लावून, मध्ये पतीचे आद्याक्षर घालून आणि सासरचे आडनाव देऊन. फोन केला तर प्रकाशक अतिशय प्रेमाने म्हणाले, ‘ताई, आदराने लावले हो!’ मी पत्रात लिहिले की आदराबद्दल आभारी आहे, पण या नावाने माझी एकही कविता कोणत्याही नियतकालिकात आलेली नाही, आणि कात्रणे जोडली. तो मुद्दा त्यांना पटला. सासूबाईंना मात्र अजून पटलेला नाही.

रंकाळ्यावरचा_वाचक

सासूबाईंना कोणत्या पत्त्यावर पत्र पाठवले?

ओवीबद्ध

एकाच घरात राहतो हो, तोंडीच बोलणी चालू आहेत.

करवीर_वकील

ताईंनी भरपाईचा शब्द टाकला नाही, हे योग्य केले. तरीही आपल्या हातात काय आहे, हे ठाऊक असावे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क प्रकाशकाला दिल्यानंतरही ती कृती आपली आहे असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो. मुखपृष्ठावर दुसऱ्याचेच नाव छापले तर हे कलम थेट लागू पडते. एका आद्याक्षराची चूक त्यात बसते की नाही, यावर माझे स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही. चुकीच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा दुसरा लेखक खरोखर अस्तित्वात असेल, तर बाजू बळकट होते एवढे म्हणता येईल. म्हणून त्या कथालेखकाचा उल्लेख पत्रात एका वाक्यात तरी यायला हवा होता. ताईंच्या मसुद्यात तो नाही.

शाहूपुरी_लेक

तो बाबांनी काढायला लावला. त्या गृहस्थांना यात ओढू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

ओवीबद्ध

वकीलसाहेब, मला वडिलांचे म्हणणे पटते. पत्र पहिले आहे, नोटीस नव्हे.

करवीर_वकील

पहिल्या पत्रालाच उत्तर मिळेल, या भरवशावर मी राहत नाही, एवढेच.

रंकाळ्यावरचा_वाचक

पण ताई, शेवटी झाले काय ते तुम्ही लिहिलेच नाही.

शाहूपुरी_लेक

उत्तर आले, पण मुदतीनंतर आणि फोनवर. शिल्लक प्रतींना चिकटपट्टी लावली गेली आणि उद्यमनगरचे दादा म्हणतात तसेच झाले : घरातल्या प्रतीची चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलली आहे आणि खालून ‘स’ डोकावतो. कण्यावर काहीच केले नाही. दुसऱ्या छपाईत मुखपृष्ठ बरोबर आले, कणाही बरोबर आला, पण मलपृष्ठावरच्या लेखक-परिचयात पुन्हा ‘श. द.’ आले. ती प्रत मंजुरीसाठी पाठवताना फक्त मुखपृष्ठच पाठवले होते. त्याबद्दल आता दुसरे पत्र लिहायचे आहे.

उद्यमनगर_प्रेस

‘शं’चा ‘श’ दोन वेळा झाला, तर चूक माणसाची नसून फाइलची असावी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अनुस्वार असेच गळतात, आणि तोच परिचय प्रत्येक वेळी त्याच फाइलमधून उचलला जात असेल. दुसऱ्या पत्रात ‘दुरुस्ती करावी’ एवढेच न लिहिता, ‘मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करून मुखपृष्ठ, कणा व मलपृष्ठ सलग असलेली एकच पीडीएफ पाठवावी’ असे लिहा. ती आली की मोबाइलवर न पाहता छापून घ्या, कारण अनुस्वार लहान पडद्यावर चटकन दिसत नाही.