सल्ला हवा: शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात उत्पन्न कसे सिद्ध करावे?

केजचा_भाऊ
जानेवारी 2025 मध्ये माझे दाजी दुचाकीवरून बाजाराहून परतत असताना मागून आलेल्या पिकअपने त्यांना धडक दिली आणि त्यात ते गेले. त्यांचे वय 38 होते. मागे बहीण, दोन लहान मुले आणि दाजींची आई आहे. गुन्हा पिकअपच्या चालकावर नोंदला गेला असून त्या गाडीचा विमाही चालू होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल झाला असून आता बहिणीची साक्ष होणार आहे. विमा कंपनीच्या वकिलांनी लेखी उत्तरात म्हटले आहे की, सातबाऱ्यावरील 4 एकर जमीन आजही कुटुंबाकडेच असल्यामुळे उत्पन्नाचे काहीच नुकसान झालेले नाही. दाजी सोयाबीन आणि कापूस घेत, शिवाय दोन म्हशींचे दूध डेअरीला घालत. आयकराचे विवरणपत्र त्यांनी कधी भरले नाही. अशा वेळी कोणते कागद आणि कोणते साक्षीदार द्यावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

परळीकर
माझ्या ऐकिवात तरी शेतकऱ्याचे उत्पन्न कधीच सिद्ध होत नाही. न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरते, त्यामुळे कागद जमवण्यात वेळ घालवू नये. भविष्यातील वाढीचा हिशेबही फक्त नोकरदारांनाच मिळतो.

जुना_कारकून
परळीकरांचे पहिले म्हणणे अर्धेच खरे आहे. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते हे बरोबर, परंतु तो नाइलाजाचा मार्ग आहे, नियम नव्हे. दुसरे म्हणणे मात्र चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनाही ही वाढ दिली असून, मृताचे वय 40 पेक्षा कमी असल्यास ती 40 टक्के धरली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कंपनीचा मुद्दा हवेतला नाही. जसबीर कौर प्रकरणात (2003) सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे की जमीन वारसांकडे राहत असल्यामुळे शेतीचे संपूर्ण उत्पन्न बुडाले असे समजता येत नाही. म्हणून एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार मांडून वर्षाला अमुक लाख बुडाले असे सांगू नये, कारण उलटतपासणीत तो आकडा टिकत नाही. कुटुंबाने गमावले ते दाजींचे स्वतःचे श्रम आणि देखरेख. त्याची किंमत काय, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तुमच्याच गावात आहे. शेत सांभाळायला पाडव्यापासून सालगडी ठेवला असेल, तर त्याला ठरलेले साल हीच ती किंमत. जमीन बटईने दिली असेल, तर पूर्वी घरात येणाऱ्या मालातला जो वाटा आता बटईदार नेतो, ते नुकसान आकड्यात दाखवता येते. म्हशी विकाव्या लागल्या असतील, तर विक्रीची पावती आणि त्याआधीच्या वर्षभराच्या दूध संकलन केंद्राच्या पावत्या जोडा. आडत्याच्या पट्ट्या दाजींच्या नावाने असतील आणि ती रक्कम बँकेच्या खात्यात दिसत असेल, तर दोन्ही एकत्र दाखल करा; नुसत्या पट्टीवर कंपनी शंका घेतेच.

उलटतपासणीत पहिला प्रश्न बहुतेक हाच असेल: "जमीन आजही तुमच्या ताब्यात आहे ना?" बहिणीने फक्त "हो" म्हणून थांबू नये. जमीन आहे, पण ती आता कोण करतो आणि त्याला काय द्यावे लागते, हे तिच्या शपथपत्रात आधीच आलेले असावे.

केजचा_भाऊ
जमीन यंदा बटईने दिली आहे आणि दोन्ही म्हशी विकल्या. पण उत्पन्नाच्या आकड्यात दोन-तीन हजार इकडेतिकडे झाल्याने इतका काय फरक पडतो?

जुना_कारकून
तुमच्या प्रकरणात खूप पडतो. समजा श्रम, देखरेख आणि दूध मिळून न्यायाधिकरणाने दरमहा 12,000 रुपये धरले. त्यात 40 टक्के वाढ मिळवली की 16,800 होतात, म्हणजे वर्षाला 2,01,600. अवलंबून असलेले चौघे असल्यामुळे दाजींच्या स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा होतो आणि 1,51,200 उरतात. 36 ते 40 वयासाठी गुणक 15 आहे, म्हणून 22,68,000. हाच हिशेब 9,000 रुपयांनी केला तर 17,01,000 येतात. मासिक उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयाचे इथे 189 रुपये होतात, आणि म्हणूनच वकिलांची खरी झटापट या एका आकड्यावर असते.

सहवास गमावल्याची रक्कम वेगळी मिळते. मूळ 40,000 दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढत असल्याने 2023 नंतर ती 48,400 धरली जाते, आणि पत्नी, दोन्ही मुले व आई यांना ती प्रत्येकी मागता येते. अंत्यविधी आणि मालमत्तेचे नुकसान यांसाठी प्रत्येकी 18,150 धरले, तर 12,000 उत्पन्नावर एकूण 24,97,900 होतात. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. दर न्यायाधिकरण ठरवते.

दाजींच्या आईंना अर्जदार केले आहे ना? त्या सुटल्या तर अवलंबून असलेले तिघेच राहतात आणि चतुर्थांशाऐवजी एक तृतीयांश वजा होतो. घाईत भरलेल्या अर्जांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

गवंडीकाम_लातूर
माझाही दावा चालू आहे. अपघातात उजवा हात मोडला आणि प्रमाणपत्रावर 45 टक्के अपंगत्व लिहिले आहे. कंपनी म्हणते की संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ते 15 टक्केच धरावे. माझी रक्कमही वरच्यासारखीच काढायची का?

जुना_कारकून
तुमचे प्रकरण दुखापतीचे असल्याने स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. 45 टक्के हे फक्त हाताचे असेल, तर ते जसेच्या तसे कमाईला लावता येत नाही, हे कंपनीचे म्हणणे बरोबर आहे. पण 15 टक्केही आपोआप लागत नाहीत. राजकुमार प्रकरणात (2011) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कमाईची क्षमता किती घटली ते व्यवसाय पाहून ठरवावे. उजवा हात खांद्याच्या वर जात नसेल, तर हिशेब लिहिणाऱ्याचे काम चालते, गवंड्याचे थांबते. त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि थापी धरणे, पाट्या उचलणे, परांचीवर चढणे यांपैकी काय जमत नाही ते त्यांच्या तोंडून नोंदवून घ्या. त्याशिवाय नुसते प्रमाणपत्र फार दुबळे पडते.

धाराशिव_शेतकरी
गोपीनाथ मुंडे योजनेचे 2 लाख मिळाले असतील तर ते कापून घेतात. आमच्याकडे तसे झाले.

जुना_कारकून
आयुर्विम्याची रक्कम वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच स्पष्ट केले आहे, कारण ते मृताने स्वतः हप्ते भरून केलेले नियोजन असते. सरकारी अनुदानाबाबत मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. ते मोटार अपघातासाठीच नव्हे, तर कोणत्याही अपघाती मृत्यूसाठी मिळते, म्हणून वजा करू नये, असा युक्तिवाद वकिलांना करायला सांगा.

केजचा_भाऊ
आईंचे नाव अर्जात आहे, हे आत्ताच तपासले. एक अडचण उरते. बटईदार दाजींचे सख्खे चुलते आहेत. नात्यातल्या माणसाची साक्ष न्यायाधिकरण मानेल का? बटईचा करारही तोंडीच आहे.

जुना_कारकून
नाते आहे म्हणून साक्ष फेटाळली जात नाही, पण कंपनी त्यावर बोट ठेवणारच. चुलत्यांनी यंदाचा माल आडतीत स्वतःच्या नावाने घातला असेल आणि अर्धी रक्कम बहिणीच्या खात्यावर पाठवली असेल, तर पट्टी आणि खात्याचा उतारा त्यांच्या साक्षीबरोबर दाखल करा. पैसे रोखीने दिले असतील तर बाजू कमकुवत राहील. मग त्या गावच्या शिवारात बटईचा रिवाज काय आहे हे सांगणारा, नात्याबाहेरचा शेजारी शेतकरी शोधावा लागेल.