शिक्षक पाट्या टाकू लागलेत. ताणमुक्तीच्या कार्यशाळेपलीकडे शाळा काय करू शकते?

ग्रामीण_मुख्याध्यापिका: जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पाच शिक्षक, त्यातले एक बीएलओ. मध्यंतरी केंद्रात ताणतणावावर कार्यशाळा झाली, तीही शनिवारी दुपारी, म्हणजे सकाळची शाळा करून. वर फोटो काढून लिंक भरायची. आमचे सर्वात उत्साही सर म्हणाले, "मॅडम, आता मी फक्त पाट्या टाकतो." माझ्या हातात असलेलं काय करता येईल?

रानपाखरू: रोज दहा मिनिटं अनुलोम-विलोम. खूप फरक पडतो.

शेवटचा_बाक: तोच तर कार्यशाळेचा विषय असणार! 😄

माजी_केंद्रप्रमुख: दिवाळीच्या सुट्टीनंतर सर ताजे दिसतात का? आठवडाभरात पुन्हा तसेच झाले, तर विश्रांतीने भागणार नाही, दिवसाची आखणीच बदलावी लागेल. दोन आठवडे प्रत्येकाने वहीत टिपावं: तास चालू असताना कोणी, कशासाठी उठवलं. आमच्याकडे दिसलं की पटसंख्या आणि आधारची तीच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत पुन्हा पुन्हा मागितली जात होती. मग एकच पक्का तक्ता ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'तातडीने पाठवा' फक्त मुख्याध्यापक बघणार, माहिती शेवटच्या तासानंतरच जाणार. पोषण आहाराचा तांदूळसाठा आणि रोजची नोंद वर्षानुवर्षं एकाच बाईंच्या गळ्यात होती, ती महिन्यागणिक फिरवली. एकूण काम फारसं कमी झालं नाही बरं का. पण मधल्या सुट्टीपर्यंतचे तास सलग मिळू लागले, आणि शिक्षकांना तेच हवं होतं.

खडूफळा: एवढं कशाला? आरटीईचं कलम 27 दाखवा. शिकवण्याखेरीज कुठलंही काम देता येत नाही.

माजी_केंद्रप्रमुख: अर्धंच वाचलंत. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्याच कलमात वगळली आहे. मात्र 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदारयादीचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं, शाळेच्या वेळेत सहसा नको. नकार देऊ नका, त्याचा आधार घेऊन वेळ बदलून मागा. पत्र मुख्याध्यापकाच्या सहीनं जाऊ दे, शिक्षकाला एकटं पुढे करू नका.

विनाअनुदानित_बाई: तुमचा पगार निदान खात्यात येतो. आमच्या संस्थेत तो कधी अर्धा, कधी दोन महिन्यांनी. वही ठेवून काय करू?

माजी_केंद्रप्रमुख: बाई, तिथे वही कामाची नाही. आधी पगार.

ग्रामीण_मुख्याध्यापिका: वही सोमवारपासून सुरू करते, ग्रुपचं मी बघते. पण बीएलओचं काम सुट्टीच्या दिवशी ढकललं की सरांचे रविवार जातात, आणि शाळेच्या वेळेत केलं तर त्यांचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गात बसवावा लागतो. ही जबाबदारी शिक्षकांमध्ये आळीपाळीने फिरवून घेणं कोणाला तहसीलमधून जमलंय का?

शेवटचा_बाक: आमच्या तालुक्यात अर्ज दिला होता. उत्तर नाही आलं.