मदत हवी आहे: ऑक्सिजनच्या एका रेणूची शेवटची गोष्ट (अकरावीच्या उजळणीसाठी)

चाफा_भांडुप

नमस्कार. मी भांडुपला अकरावी-बारावीच्या मुलांची बायोलॉजीची शिकवणी घेते. माझी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत आणि अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत आलं की बिचकतात. श्वसनाच्या धड्यात इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन आली की पाठ करून मोकळी होतात, विचारलं तर काहीच सांगता येत नाही. म्हणून उजळणीसाठी ऑक्सिजनच्या तोंडून एक पानभर गोष्ट लिहायला घेतली आहे. मसुदा असा:

"मी ऑक्सिजन. सकाळी नाकातून आत शिरलो, तांबड्या पेशीत बसून मांडीच्या स्नायूपर्यंत आलो. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर पहिल्या कॉम्प्लेक्सला, म्हणजे कल्याणला, गाडी पकडली. दुसरं, तिसरं अशी स्टेशनं घेत चौथ्याला, सीएसएमटीला, उतरलो. वाटेत प्रत्येक स्टेशनवर मला एकेक इलेक्ट्रॉन मिळत गेला. चार झाले आणि माझं पाणी झालं."

काल हे वाचून दाखवलं तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, इलेक्ट्रॉन पहिल्या कॉम्प्लेक्सलाही असतो ना, मग ऑक्सिजनचं पाणी तिथेच का होत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. गोष्टीत नक्की काय चुकलंय? आणि चार इलेक्ट्रॉन त्याला एकदम मिळतात की एकेक करून?

निनाद_१९

ताई, ऑक्सिजन गाडीत बसतच नाही. प्रवास इलेक्ट्रॉनचा आहे. इलेक्ट्रॉन कल्याणला चढतो आणि सीएसएमटीला उतरतो. ऑक्सिजन बाहेरून चालत थेट सीएसएमटीच्या फलाटावर येतो.

तिथे सायटोक्रोम सी त्याला एकेक इलेक्ट्रॉन आणून देतं. पहिला मिळाला की सुपरऑक्साइड, दुसरा मिळाला की पेरॉक्साइड, असं करत चौथ्याला पाणी. म्हणूनच घातक सुपरऑक्साइड सगळ्यात जास्त चौथ्या कॉम्प्लेक्समधून गळतो. मी एफवायला आहे, आत्ताच हे शिकलोय.

जुना_मास्तर

निनाद, तुझी पहिली दुरुस्ती अगदी बरोबर. दुसऱ्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. तीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवताना हीच समजूत मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली असेन.

आधी ताईंची गाडी रुळावर आणू. दुसरं कॉम्प्लेक्स पहिल्याच्या पुढचं स्टेशन नाहीच. NADH कडून आलेला इलेक्ट्रॉन पहिल्यातून निघतो आणि युबिक्विनोनमार्गे तिसऱ्यात जातो. सक्सिनेटकडून आलेला दुसऱ्यातून निघून त्याच युबिक्विनोनला येऊन मिळतो. तुमच्याच भाषेत सांगायचं तर युबिक्विनोन म्हणजे ठाणे, आणि दुसरं कॉम्प्लेक्स म्हणजे वाशीकडून तिथे येऊन मिळणारी लाइन.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे, तिला आवर्जून सांगा. ऑक्सिजनला पडदा अडवत नाही. तो विद्युतभार नसलेला छोटा रेणू आहे, स्निग्ध पडद्यात सहज विरघळतो. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या कॉम्प्लेक्सच्या आजूबाजूलाही तो असतोच. पण तिथे त्याला धरून ठेवणारी, चार इलेक्ट्रॉन देऊ शकणारी जागा नाही. तिथे चुकून हाती लागला तर एखादा सुटा इलेक्ट्रॉन लागतो, आणि एका इलेक्ट्रॉनने पाणी होत नाही, सुपरऑक्साइड होतो. म्हणून साखळीतली गळती मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या कॉम्प्लेक्सपाशी होते. चौथ्यात ती जवळजवळ होत नाही, कारण तिथली रचनाच वेगळी आहे.

चौथ्याच्या गाभ्यात हीमचं एक लोह आणि त्याच्या समोर एक तांबं असतं. ऑक्सिजन येण्याआधीच सायटोक्रोम सीकडून दोन इलेक्ट्रॉन आत पोचलेले असतात, एक लोहावर आणि एक तांब्यावर. ही तयारी झाल्यावरच लोह ऑक्सिजनला धरून ठेवतं. मग एका मिलिसेकंदाच्याही आत दोन अणूंमधला बंध तुटतो. त्याला चार इलेक्ट्रॉन लागतात आणि घरात शिल्लक तर दोनच. उरलेले दोन उसने घेतले जातात. लोह आपला नेहमीचा एक देऊन वर आणखी एक देतं आणि +2 वरून थेट +4 वर जातं. चौथा देतं टायरोसिन, म्हणजे त्या प्रथिनाचाच एक अमिनो आम्ल घटक, तांब्याच्या अगदी शेजारचा. म्हणून सुपरऑक्साइड किंवा पेरॉक्साइड होऊन ताटकळायची वेळ ऑक्सिजनवर येत नाही.

त्यानंतर सायटोक्रोम सी तिसरा इलेक्ट्रॉन आणतं, त्याने टायरोसिनची उसनवारी फिटते. चौथ्याने लोहाची. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्समध्ये येतात एकेक करून, ऑक्सिजनला मिळतात एकदम.

निनाद_१९

सर, पण आमच्या नोट्समध्ये बंध तुटण्याच्या त्या अवस्थेला P म्हणतात आणि P म्हणजे पेरॉक्सी असंच लिहिलंय. मग तिथे पेरॉक्साइड असायलाच हवा ना?

जुना_मास्तर

नाव तसं पडलं, कारण पूर्वी तिथे पेरॉक्साइड आहे असंच वाटत होतं. पुढे रामन वर्णपटात त्या अवस्थेत लोह आणि एकट्या ऑक्सिजन अणूमधल्या बंधाचं कंपन दिसलं. साध्या ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-18 दिला तेव्हा ती रेघ अपेक्षेप्रमाणे सरकली. म्हणजे P मध्ये बंध आधीच तुटलेला असतो. अक्षर तेवढं जुनं राहिलं. परीक्षेत P लिही, पण मनात पेरॉक्साइड धरू नकोस.

काळबादेवी_कारागीर

विषय थोडा वेगळा आहे, पण लोहाचं वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडे दागिन्यांना सोन्याचा मुलामा द्यायचं काम चालतं, सायनाइडचं पाणी रोजचं. मागे एकदा कोणीतरी चुकून त्याच मोरीत तेजाब ओतलं आणि आमचा एक मुलगा धापा टाकत खाली बसला. बोटाला लावायचं यंत्र होतं, त्यात ऑक्सिजन 98 दिसला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. हॉस्पिटलात मात्र एकदम पळापळ. मुलगा वाचला, पण मला आजही कळत नाही. ऑक्सिजन 98 होता तर त्याला कमी काय पडत होतं? यंत्र खराब होतं का?

जुना_मास्तर

भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा नाही, याच गोष्टीतला आहे. यंत्र बरोबर सांगत होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय एवढंच बघतं. सायनाइड अडवतं ते त्याच्या पुढे, याच चौथ्या कॉम्प्लेक्सच्या लोहावर. मग इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत, मागची सगळी साखळी तुंबते. रक्त ऑक्सिजन घेऊन पेशीच्या दारात उभं असतं आणि आत त्याचा वापर करणारं कोणी नसतं. म्हणून शिरांमधून परत येणारं रक्तसुद्धा लालभडक राहतं. पेशी ऑक्सिजनशिवाय जमेल तेवढी ऊर्जा काढायला बघतात आणि रक्तात लॅक्टेट वाढतं. डॉक्टर त्यावरूनही ओळखतात.

आणि हात जोडून सांगतो, सायनाइड आणि तेजाब यांची मोरी, बादली, हातमोजे, सगळं वेगळं ठेवा. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. असं पुन्हा कधी झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडा, यंत्रातला आकडा बघत बसू नका, आणि हॉस्पिटलात पहिल्याच वाक्यात 'सायनाइड' म्हणा. त्यावर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो.

काळबादेवी_कारागीर

मोरी त्याच आठवड्यात वेगळी केली होती. हातमोज्यांचं डोक्यात आलं नव्हतं. उद्याच करतो. आभारी आहे सर.

सुमेधाची_आई

माझी मुलगीही अकरावीत आहे. मला वाटायचं की आपण ऑक्सिजन घेतो आणि त्याचाच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. इथे तर त्याचं पाणी होतंय! मग कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन कुठला?

निनाद_१९

काकू, तो अन्नातला आणि क्रेब्ज चक्रात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातला. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन या साखळीत पाण्यातच जातो. (हे तरी बरोबर आहे ना सर?)

जुना_मास्तर

अगदी बरोबर.

चाफा_भांडुप

सर, निनाद, सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी पाचला उठून पुन्हा लिहिलं. बघा:

"आम्ही दोघं जुळे भाऊ, एकमेकांचा हात घट्ट धरून निघालेले. रक्तातून उतरलो, पडद्यात शिरलो. पहिल्या आणि तिसऱ्या घरापाशी सुटे इलेक्ट्रॉन हाका मारत होते. तिथे थांबलो असतो तर आमचा सुपरऑक्साइड झाला असता. चौथ्या घरात लोहाकडे एक आणि तांब्याकडे एक इलेक्ट्रॉन तयार होता. लोहाने मला धरलं. आमचा हात सोडवायला चार लागणार होते. लोहाने पदरचा आणखी एक घातला, शेजारच्या टायरोसिनने एक दिला. हात सुटला. मी लोहाकडे राहिलो, भाऊ तांब्याकडे गेला. मग सायटोक्रोम सी दोनदा येऊन गेलं आणि दोघांची उसनवारी फिटली. आतल्या बाजूने चार प्रोटॉन आले, दोन माझ्या वाट्याला, दोन भावाच्या. आता आम्ही पाण्याचे दोन वेगळे रेणू आहोत."

एक शंका आहे. प्रोटॉन चारच ना? एका पुस्तकात मला आठ दिसले. आणि घरातून आधी कोण बाहेर पडतो, लोहाकडचा की तांब्याकडचा?

जुना_मास्तर

हात सुटतो तो भाग वाचून मी दोन मिनिटं थांबलो, ताई. हे मला वर्गात कधी सुचलं नाही.

आठ आणि चार, दोन्ही बरोबर. एका ऑक्सिजन रेणूमागे आतल्या बाजूचे आठ प्रोटॉन जातात. चार पाण्यात जातात आणि चार पडद्यापलीकडे ढकलले जातात. गोष्टीतले चार म्हणजे पाण्यातले. ढकललेल्या चारांचंही एक वाक्य घाला, कारण ATP त्यांच्याच जोरावर होतं. आणि हेही घाला की एका रेणूला चार इलेक्ट्रॉन म्हणजे दोन NADH लागतात. मुलं एका NADH ला अर्धा ऑक्सिजन लिहितात आणि अर्धा रेणू कसा असेल म्हणून गोंधळतात.

आधी कोण निघतो ते गोष्टीत ठामपणे लिहू नका. इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने येतात ते नीट माहीत आहे, पण प्रत्येक पायरीला प्रोटॉन नक्की कसा ढकलला जातो यावर अजूनही वाद चालतो.

निनाद_१९

ताई, ATP चा आकडा कोणता देणार? दहावीच्या पुस्तकात एका NADH ला तीन होते, आमच्याकडे अडीच शिकवतात.

चाफा_भांडुप

माझ्या मुलांच्या पुस्तकात तीन आहे, पेपर त्यावरच निघतो. पण अडीच खरं असेल तर तीन लिहायला माझा हात धजत नाही. सध्या ती जागा कोरी ठेवली आहे. सर, तुम्ही वर्गात काय सांगायचात?