वडिलोपार्जित जागा वाटणीनंतर विकतोय, २००१ ची किंमत तिघा भावंडांत कशी वाटायची?

वारजेकर_६८
नमस्कार मंडळी. वारजे गावठाणाजवळ आजोबांनी १९६२ मध्ये घेतलेली ६,००० चौरस फूट जागा आणि तिच्यात जुनं घर. वडील आणि आई गेल्यावर २०१९ मध्ये आम्ही तिघांनी रजिस्टर वाटणीपत्र केलं. मला रस्त्याकडचा १,८०० फुटांचा भाग घरासकट आला. धाकटा भाऊ आणि ताई यांना मागचे २,१०० फूट प्रत्येकी. माझा वाटा जास्त किमतीचा होता, म्हणून मी ताईला १२ लाख चेकने दिले, तसं वाटणीपत्रात लिहिलंय.

आता माझा भाग १ कोटी ५ लाखांना विकतोय, फेब्रुवारी २०२६ मध्ये खरेदीखत. आमचे कर सल्लागार म्हणतात, सगळ्या जागेची २००१ ची किंमत काढा आणि सरळ तीन भाग करा. हे बरोबर आहे का? १२ लाख खर्चात धरता येतात का? व्हॅल्युअर आणि सल्लागार मिळून १५ हजारांच्या वर खर्च करायचा नाही. पेन्शन वर्षाला ४ लाख, बाकी उत्पन्न नाही.

पेठेतला
वडिलोपार्जितला कर नसतो हो. वारसा कर केव्हाच बंद झालाय.

आकडेमोड
पेठेतला, वारसा मिळताना कर नाही, विकताना आहे. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, भांडवली नफ्यावरचा कर कुठेही गेलेला नाही.

सुहास_धनकवडी
वाटणीपत्रात २०१९ चं मूल्यांकन लिहिलंच असेल ना, स्टॅम्प ड्यूटीसाठी? तीच तुमची खरेदी किंमत धरा. वाटणी म्हणजे तुम्हाला मालकी मिळाली तो दिवस. आमच्याकडे तसंच दाखवलं, आजवर नोटीस नाही.

आकडेमोड
नोटीस आली नाही म्हणजे बरोबर, असं होत नाही. वाटणी ही कायद्याने विक्री नाही आणि खरेदीही नाही. म्हणून २०१९ चा आकडा इथे उपयोगाचा नाही. मिळकत ज्याने पैसे देऊन घेतली त्याची किंमत, म्हणजे आजोबांची, वारसांकडे जशीच्या तशी येते. ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्यामुळे तिच्याऐवजी त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे. मालकीचा काळही आजोबांपासून मोजला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ च्या मंजुळा शहा प्रकरणात किंमत महागाईप्रमाणे वाढवण्याचा निर्देशांकसुद्धा आधीच्या मालकाच्या वर्षापासून धरायला सांगितलं.

आता मूळ प्रश्न. सरळ तीन भाग करणं चूक. वाटणी झाली नसती आणि तिघांनी मिळून अख्खी जागा विकली असती, तर तिसरा हिस्सा बरोबर ठरला असता. इथे प्रत्येकाकडे जमिनीचा वेगळा तुकडा आहे आणि तुम्ही तुमचाच तुकडा विकताय, म्हणून किंमतही त्याच तुकड्याची. रस्त्याकडच्या फुटाला २००१ मध्येही मागच्या फुटापेक्षा जास्त भाव होता. मागच्यांना तर तुमच्या बाजूने वहिवाटीचा रस्ता लागत असणार. घराची २००१ ची किंमत पूर्ण तुमची, कारण घर तुमच्या वाट्याला आलं.

मंजिरी
सहमत. तुकड्याप्रमाणेच. आणि व्हॅल्युएशन रिपोर्ट सरकारमान्य व्हॅल्युअरकडूनच घ्या.

काका_सहकारनगर
१५ हजारांत काय होतंय? मुंबईच्या मोठ्या फर्मकडे जा, लाखभर घेतील पण काम चोख. आमचं तिथूनच झालं, एक अक्षर बदलावं लागलं नाही.

वारजेकर_६८
काका, बजेट वर लिहिलंय. आकडेमोड, व्हॅल्युअर म्हणतो पुढच्या भागाला २००१ मध्ये फुटाला ४८० रुपये भाव होता, मागच्याला ३८०. घराचे १ लाख ८० हजार. रेडी रेकनर त्या सालचा ४०० रुपये फूट. मग माझी किंमत ८ लाख ६४ हजार अधिक घर, असं ना?

आकडेमोड
नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. २०२० च्या वित्त कायद्याने अट घातली की जमीन किंवा इमारतीची २००१ ची बाजारभावाची किंमत त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा, जास्त धरता येणार नाही. व्हॅल्युअर ४८० म्हणाला तरी तुम्हाला ४०० वरच थांबायचंय. १,८०० गुणिले ४०० म्हणजे ७ लाख २० हजार, अधिक घराचे १ लाख ८० हजार, एकूण ९ लाख. घराच्या आकड्यालाही हीच मर्यादा, तो व्हॅल्युअरकडून तपासून घ्या.

मागच्यांना ही अट आड येत नाही, कारण ३८० आधीच ४०० च्या खाली आहे. त्यांचे प्रत्येकी २,१०० गुणिले ३८०, म्हणजे ७ लाख ९८ हजार. तिघांची बेरीज २४ लाख ९६ हजार. सगळ्या ६,००० फुटांना ४०० लावून घर मिळवलं असतं तर २५ लाख ८० हजार झाले असते आणि तिसरा हिस्सा ८ लाख ६० हजार आला असता. तो तुमच्यासाठी कमी आणि भावाबहिणीसाठी जास्त. दोन्ही बाजूंनी चूक.

एक गोष्ट आवर्जून. तिघांनी एकच रिपोर्ट वापरा, त्यात तिन्ही तुकड्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. तिघांनी तीन व्हॅल्युअर केले की प्रत्येक जण आपापला भाग फुगवतो आणि बेरीज अख्ख्या जागेच्या वर जाते. अधिकाऱ्याला ते वाटणीपत्र हातात घेतलं की लगेच दिसतं. एकच रिपोर्ट असला की खर्चही तिघांत विभागतो, तुमचं बजेट तिथेच सांभाळलं जाईल.

मंजिरी
भर घालते. त्या काळी रेडी रेकनर १ जानेवारीपासून लागू व्हायचा, १ एप्रिलची पद्धत नंतर आली. म्हणजे १ एप्रिल २००१ ला २००१ च्या कॅलेंडर वर्षाचा तक्ता लागतो. काही जण २००२ चा दर लावून मोकळे होतात. दराच्या पानाची प्रत रिपोर्टला जोडलेली हवी.

रानमळा
माझी मुळशीकडची शेतजमीन आहे, त्यावर काहीच कर लागणार नाही असं ऐकलंय. वारजेवाल्यांनीही तेच बघावं.

आकडेमोड
रानमळा, ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेतच येत नाही, पण त्यासाठी पालिका हद्दीपासूनचं सरळ रेषेतलं अंतर आणि लोकसंख्या बघतात. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरापासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन त्यात बसत नाही. वारजे महापालिकेत आहे, तिथे हा मुद्दाच नाही. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

सुहास_धनकवडी
पण मग २० टक्के आणि निर्देशांक घ्यायचा ना? ९ लाखांचे ३.७६ पट, जवळपास ३४ लाख वजा. फायदाच फायदा.

आकडेमोड
दोन्ही मांडून बघू. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून ३.७६ पट. दलाली समजा १ लाख ५ हजार, ती आधी वजा. हातात १ कोटी ३ लाख ९५ हजार.

निर्देशांकासह किंमत ३३ लाख ८४ हजार, नफा ७० लाख ११ हजार, त्याचे २० टक्के १४ लाख २ हजार २००.
निर्देशांकाशिवाय नफा ९४ लाख ९५ हजार, त्याचे साडेबारा टक्के ११ लाख ८६ हजार ८७५.

म्हणजे साडेबारा टक्के स्वस्त. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीवर-घरावर निवासी व्यक्तीला दोन्हींतला कमी तो भरायचा असतो. यंदाच्या विक्रीला सोपी खूण सांगतो: विक्रीतून हातात येणारी रक्कम २००१ च्या किमतीच्या ८.३६ पटीहून जास्त असली तर साडेबारा टक्के फायद्याचे, कमी असली तर २० टक्के. तुमच्याकडे ९ लाखांचे ८.३६ पट म्हणजे सव्वा पंचाहत्तर लाख, विक्री त्याच्या बरीच वर.

मंजिरी
अधिभार विसरू नका. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के अधिभार, मग त्या सगळ्यावर ४ टक्के उपकर. वारजेकरांचा कर त्यामुळे १३ लाख ५७ हजारांवर जातो. पण विक्रीपासून सहा महिन्यांत भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे ५४ ईसी बॉण्ड ५० लाखांचे घेतले, तर नफा ४४ लाख ९५ हजार उरतो. पेन्शन धरून ४८ लाख ९५ हजार, म्हणजे अधिभारच लागत नाही. कर उपकरासह ५ लाख ८४ हजार ३५०. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर कर आहे, तरीही पावणेआठ लाखांच्या आसपास वाचतात.

काका_सहकारनगर
बॉण्डला व्याज काय मिळतं? त्यापेक्षा सरळ फ्लॅट घ्या. आमच्या सोसायटीत दोन विकायला आहेत.

आकडेमोड
फ्लॅटचाही मार्ग आहे, पण खरेदीखतात घराचा उल्लेख हवा. घर विकलं तर फक्त नफा नव्या घरात गुंतवला तरी चालतो. मोकळा प्लॉट विकला तर पूर्ण सूट मिळवायला सगळी विक्रीची रक्कम गुंतवावी लागते, आणि अटीही जास्त. म्हणून खरेदीदार 'आधी घर पाडून द्या' म्हणाला तर ऐकू नका. मिळकत कराच्या पावतीवर घर दिसतंय ना, बघून घ्या. नवं घर मुलाच्या एकट्याच्या नावावर घेऊ नका, मुंबई उच्च न्यायालयाने अशी सूट नाकारलेली आहे.

वारजेकर_६८
खूप मदत झाली. १२ लाखांचं मात्र राहिलं.

सुहास_धनकवडी
पैसे दिलेत, चेक आहे, वाटणीपत्रात नोंद आहे. खर्चात धरा की! साडेबारा टक्क्यांनी दीड लाख कर वाचतो.

आकडेमोड
इथे मी हात आखडता घेईन. ही रक्कम वाटे समान करण्यासाठी दिली. ताईला मिळालेल्या पैशावर तिने कर भरला नसणार, कारण कौटुंबिक वाटणी म्हणजे हस्तांतरण नाही, अशा भूमिकेचे निकाल आहेत. पण वाटणीत हस्तांतरणच नसेल तर तुम्ही ताईचा हिस्सा विकत घेतला असंही म्हणता येत नाही. एकाच वाटणीपत्राचे दोन घरांत दोन अर्थ लावले, की दोन्ही विवरणपत्रं एकमेकांच्या समोर येतात. उलट बाजूने, तुम्ही समान हिश्श्यापेक्षा जे जास्त घेतलं त्याचं मोल म्हणून १२ लाख दिले, असा युक्तिवादही करता येतो. सल्लागारांत यावर एकमत नाही. ताईला विश्वासात घेतल्याशिवाय हा दावा करू नका, आणि केलात तर लेखी मत घेऊन करा.

मंजिरी
मीही धरणार नाही. दीड लाखांसाठी वाटणीपत्र तपासणीत काढायचं का?

पेठेतला
आणि आजच्या रेडी रेकनरपेक्षा कमी भावाने विकत असाल तर तेही बघा. मुद्रांक मूल्य व्यवहाराच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर मुद्रांक मूल्यावरच नफा मोजतात. तुमच्या व्यवहारात १ कोटी १५ लाख ५० हजारांपर्यंत चालेल.

वारजेकर_६८
सगळं ताईला आणि भावाला वाचून दाखवलं. एकच रिपोर्ट करायचं ठरलं, तीन तुकड्यांचा, खर्च तिघांत. ५० लाखांचे बॉण्ड घेणार. १२ लाख मात्र मी खर्चात धरणार आहे. ताईला माहीत आहे, तिची हरकत नाही. वाटणीपत्र आणि चेकचा तपशील तयार ठेवतो, विचारलं तर लपवायचं काही नाही.

आकडेमोड
तुमचा निर्णय. लेखी मत मात्र विवरणपत्र भरण्याआधीच्या तारखेचं असू द्या, नोटीस आल्यावर घेतलेल्या मताला वजन नसतं. आणि आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्च २०२६ ला आहे. साठीच्या आत असाल आणि खरेदीखत फेब्रुवारीत झालं तर बॉण्ड वजा करून उरलेला कर तेव्हाच भरा; साठ पूर्ण असतील तर धंद्याचं उत्पन्न नसल्यामुळे तुम्हाला आगाऊ कर लागत नाही. विक्री ५० लाखांच्या वर असल्यामुळे खरेदीदार एक टक्का कापेल, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते बघा आणि तेवढी रक्कम हप्त्यातून वजा करा.

रानमळा
शेतजमिनीचा धागा काढलाय, कृपया बघा.